‘आई, तुम्ही पैसे पाठवा’: सोलापुरातल्या एका फोनची चिरफाड

फोन एकूण तेवीस मिनिटं चालला. त्यात मुलाचा आवाज सगळा मिळून चौतीस सेकंद होता. रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर मी हिशेब मांडला तेव्हा सगळ्यात आधी हा आकडा डोळ्यांत भरला, आणि पुढचं सगळं मला त्याच्या उजेडात कळत गेलं.

मुलाच्या आवाजाची नक्कल करून आईकडून पैसे उकळण्याचं हे प्रकरण आमच्या शेजारचं आहे, जुळे सोलापुरातलं. घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शेजारच्या वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या. पूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग होते, ते विकून आता त्या घरूनच टॉवेल-नॅपकिनच्या ऑर्डरी घेतात. ऑर्डर सांगताना गिऱ्हाईक एक बोलतं आणि नंतर दुसरंच म्हणतं, म्हणून मुलानं त्यांच्या जुन्या हँडसेटवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय करून ठेवली होती. त्या सोयीमुळेच हे लिहिता येतंय. मी स्वतः ध्वनिमुद्रणात हयात घालवली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती फाइल माझ्याकडे आली.

मुलगा पुण्यात नोकरीला. घरात त्याला पिंटू म्हणतात.

दुपारी बारा वाजून आठ मिनिटांनी अनोळखी दहा आकडी नंबरवरून साधा फोन आला. उचलल्याबरोबर हुंदका आणि पाठोपाठ, “आई, मी बोलतोय. माझा ॲक्सिडेंट झाला आहे.” वहिनींनी “पिंटू?” असं विचारलं. हे नाव त्यांनीच पुरवलं, समोरून ते आलेलं नव्हतं. पुढं “माझा फोन पोलिसांकडे आहे” एवढं ऐकू आलं आणि लगेच दुसरा माणूस बोलू लागला. शांत, जरा दमदार आवाज, हिंदी वळणाची मराठी. मी वकील आहे म्हणाला. तुमच्या मुलाच्या गाडीनं एका माणसाला उडवलंय, समोरचे लोक मिटवायला तयार आहेत, पण केस कागदावर चढायच्या आत पैसे द्यावे लागतील. एक लाख. आत्ता पंचेचाळीस हजार टाका, बाकीचं बघू.

मग त्यानं सांगितलं, फोन कट करू नका, स्पीकर चालू करा आणि तसंच ॲप उघडा. वहिनींनी तसं केलं. बारा एकवीसला पंचेचाळीस हजार गेले. तीन मिनिटांत उरलेल्या पंचावन्न हजारांची मागणी आली. हा आकडाही वाऱ्यावरचा नव्हता. यूपीआयवरून साधारणपणे एका खात्यातून दिवसाला एक लाख जातात आणि पंचेचाळीस अधिक पंचावन्न बरोबर तेवढेच होतात. पहिला हप्ता लहान ठेवला की देणारा फार विचार करत नाही, आणि एकदा दिले की दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणं जड जातं, कारण ‘नाही’ म्हटलं तर पहिले पंचेचाळीस हजार फुकट गेल्याची कबुली द्यावी लागते.

तेवढ्यात भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, जेवायला घरी आले. बायको फोन समोर धरून रडतेय एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी काही न विचारता स्वतःच्या फोनवरून पिंटूला लावला. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच.

इथं प्रकरण बिघडता बिघडता राहिलं. मुलगा फोन उचलत नाही हे भाऊंना अपघाताचं शिक्कामोर्तबच वाटलं. पोलिसांनी फोन घेतलाय असं ‘वकील’ म्हणतच होता, आणि तेही जुळत होतं. पण नीट पाहिलं तर पोलिसांनी जप्त केलेला फोन वाजतो किंवा बंद असतो, आणि ऑफिसातल्या माणसाचा फोनही वाजतो किंवा बंद असतो. न उचललेल्या फोनमधून खरं-खोटं काहीच कळत नाही. भर दुपारी कामावरचा माणूस फोन उचलणार नाही, हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वेळ त्यानुसार निवडलेली असते. भाऊंना सुचलं ते पिंटूच्या खोलीतल्या मित्राला फोन करायचं. तो म्हणाला, “काका, तो ऑफिसात आहे, सकाळी माझ्यासोबतच निघाला.” मग त्यानं ऑफिसातल्या कुणाला तरी गाठलं आणि बारा तीसला भाऊंच्या फोनवर पिंटू स्वतः आला. एका हातात जेवणाचा डबा, मागं कँटीनचा गलका.

“काय झालंय बाबा? मी जेवूलालो की.”

वहिनींच्या हातातल्या फोनच्या स्पीकरवर त्याच क्षणी दुसरा पिंटू “आई, प्लीज” म्हणत होता. एकाच खोलीत एकाच मुलाचे दोन आवाज. त्या अजून सांगतात की त्या अर्ध्या मिनिटात खरा कोणता हे त्यांना आवाजावरून ओळखता आलं नाही. ओळखलं ते ‘जेवूलालो’ या एका सोलापुरी शब्दावरून.

आता फाइल.

मी ती संगणकावर घेतली, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि मुलाचा आवाज जिथं जिथं आहे तेवढे तुकडे कापून वेगळे केले. सहा निघाले. तिसऱ्या तुकड्यात “कुणाला सांगू नका, प्लीज” असं वाक्य आहे आणि पाचव्यातही तेच. ऐकताना दोन्ही वेळा काळजाला हात घालतं. पण दोन्ही एकाखाली एक लावून पाहिले तर आधीचा श्वास, ‘नका’वरचा कंप, ‘प्लीज’ तुटतो ती जागा, सगळं एकावर एक बसलं. लांबी दोन्हीची सव्वादोन सेकंद. माणूस तेच वाक्य दहादा म्हणेल, पण दहाही वेळा वेगळं म्हणेल. हुंदका तर कुणाला पाठ करून देता येत नाही. म्हणजे हे वाक्य एकदा तयार करून ठेवलेलं होतं आणि गरज पडेल तसं बटण दाबून वाजवलं जात होतं.

हे एकदा कळल्यावर फोनची सगळी रचना समजते. आवाजाची नक्कल करण्याचे दोन ढोबळ मार्ग आहेत. एकात मजकूर टाइप करतात आणि यंत्र तो त्या माणसाच्या आवाजात वाचून ऑडिओ तुकडा देतं. दुसऱ्यात एक माणूस प्रत्यक्ष बोलतो आणि यंत्र त्याच्या आवाजाची जात तेवढी बदलतं. पहिला मार्ग सोपा आणि स्वस्त. पण तुकड्यांना संभाषण जमत नाही, ते फक्त वाजतात. म्हणून रडणारा मुलगा अर्ध्या मिनिटात बाजूला होतो आणि ‘वकील’, ‘पोलीस’ किंवा ‘डॉक्टर’ फोनचा ताबा घेतो. तो खराखुरा माणूस असतो, प्रश्नांना उत्तरं देतो, दटावतो, घाई करतो. मुलाचा आवाज अधूनमधून भीती ताजी करायला लावतात.

फोन चालू असताना वहिनींनी एक प्रश्न विचारला होता. आईच विचारेल असा: “कुठं लागलंय रे तुला? हेल्मेट होतं का?” त्यावर उत्तर आलं, “कुणाला सांगू नका, प्लीज.” रेकॉर्डिंगमध्ये हा संवाद ऐकताना अंगावर काटा येतो, कारण आई विचारतेय एक आणि समोरून वाजतंय भलतंच. फोनवर मात्र त्यांना ते खटकलं नाही. “पोरगं घाबरलंय, त्याला काय सुचतंय,” असं त्यांच्या मनानंच उत्तर दिलं. भीतीचा हा गुण आहे, समोरच्याच्या चुका ती स्वतःच दुरुस्त करून घेते.

चौथ्या तुकड्यात आहे, “तुम्ही लगेच पैसे पाठवा.” पिंटू जन्मल्यापासून आईला ‘तू’ म्हणतो. सोलापुरातच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आईला ‘तू’च असतं, बापाला काही घरांत ‘तुम्ही’ असेल. इथं मजकूर मुळात हिंदीत लिहिलेला असावा, “आप तुरंत पैसे भेज दीजिए” असा, आणि मराठीत आणताना ‘आप’चं ‘तुम्ही’ झालं. “माझा ॲक्सिडेंट झाला आहे” हे वाक्यही तसंच. व्याकरणाला बरोबर, पण सोलापूरचं पोरगं रडताना ‘झाला आहे’ असं सुटंसुटं म्हणणार नाही. ते ‘झालाय’ म्हणेल, पुढं ‘की’ लावेल. इथली बोली ‘करूलालो’, ‘येऊलालो’ अशी; घरी भावाशी बोलताना ‘बे’ आल्याशिवाय वाक्य संपत नाही. आवाजाच्या नकलेला गळा मिळतो. तो गळा घरात काय आणि कसं बोलतो, ते तिला कुणी लिहून द्यावं लागतं.

उच्चाराची गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जरा थांबतो. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. झेंड्यातला झ वेगळा, झाडातला वेगळा. आपण शिकत नाही, कानानंच येतं. ‘माझा’ आणि ‘झाला’ या दोन्ही शब्दांत झाडातला झ आहे. ‘लगेच’मध्ये चमच्यातला च. फाइलमधला मुलगा ‘माझा’ म्हणताना झेंड्यातला झ लावतो आणि ‘लगेच’ म्हणताना चहातला च. हिंदीवर जास्त पोसलेल्या यंत्राकडून मराठी वाचून घेतली की ही खूण बऱ्याचदा राहते. पिंटूचे घरचे जुने रेकॉर्ड केलेले कॉल होतेच. त्यांत त्याचा ‘माझा’ अस्सल झाडातला निघाला.

पण या खुणेवर मदार ठेवू नये, आणि तसं सांगायला मला कारणं आहेत. सोलापुरात मराठीच्या शेजारी कानडी, तेलुगू, दखनी नांदतात. ज्याच्या घरात दखनी बोलतात त्याचा खरा ‘माझा’सुद्धा झेंड्यातला असू शकतो. खूण त्या-त्या माणसाच्या बोलण्याशी ताडून पाहावी लागते आणि घाबरलेल्या आईला ते जमणार नाही. दुसरं म्हणजे उद्या मजकूर लिहिणारा मराठी माणूस निघाला तर ‘तुम्ही’ जाऊन ‘तू’ येईल. आणि दुसऱ्या मार्गानं, म्हणजे प्रत्यक्ष बोलणाऱ्याचा आवाज बदलून फोन केला, तर उच्चार आणि बोली त्या बोलणाऱ्याची असते. तो सोलापूरकडचाच असला तर ‘जेवूलालो’सुद्धा म्हणू शकेल.

आवाजात यांत्रिकपणा जाणवतो असं लोक म्हणतात. फोनवर तो सहसा जाणवत नाही. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा पलीकडं पोचतो. ‘स’, ‘श’ची धार आणि श्वासाची खरखर बरीचशी त्याच्या वर असते, आणि नकलेतल्या कच्च्या जागाही तिथंच सापडतात. फोन त्या कापून टाकतो. फोर-जीवरच्या कॉलमध्ये पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो, तरी स्टुडिओत हेडफोन लावून जे कळेल ते स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीसोबत कळणार नाही. मुलाच्या वाक्यांमागं रस्त्याचा आवाज होता आणि वाक्य संपलं की तोही कापल्यासारखा थांबत होता. आधी मला तोही पुरावा वाटला. मग लक्षात आलं की हल्लीचे फोन स्वतःच गोंगाट दाबतात आणि बोलणं थांबलं की खऱ्या कॉलमध्येही अशी मोकळी शांतता येते. ती खूण मी यादीतून काढून टाकली.

एक गोष्ट कबूल करायला हवी. ही आवाजाची नक्कलच होती, हे मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. रडणाऱ्या माणसाचा आवाज मुळातच बदललेला असतो, आणि “आई” म्हणून कुणीही हुंदका दिला तर ऐकणारी आई उरलेलं चित्र स्वतः रंगवते. नक्कल करणारी यंत्रं येण्याआधीही ही फसवणूक चालायची. मी नकलेकडं झुकतो ते दोन कारणांनी. एक, ते हुबेहूब दोनदा वाजलेलं वाक्य. दुसरं, पिंटूला फाइल ऐकवली तेव्हा तो गप्प झाला आणि म्हणाला, “हा मीच आहे. पण मी हे कधीच बोललो नाही.”

त्याचा आवाज कुठून मिळाला, हेही नक्की सांगता येत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यानं केलेला एक व्हिडिओ समाजमाध्यमावर सगळ्यांना दिसत होता. पाऊण मिनिट तो नंदीध्वजाबद्दल कॅमेऱ्यात बघून बोलतोय आणि खाली आईची कौतुकाची कमेंट. आवाज आणि नातं दोन्ही एकाच जागी. पाऊण मिनिट तर फार झालं. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या एका पद्धतीत तीन सेकंदांचा नमुना पुरतो, असा त्यांचा दावा होता. व्हिडिओ काढून टाकून फार फरक पडत नाही. ज्यानं कुणी तो उतरवून घेतला असेल त्याच्याकडं तो राहतोच.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला जर्मनीतल्या मूळ कंपनीच्या साहेबाच्या नकली आवाजात फोन आला आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे २ लाख २० हजार युरो हंगेरीतल्या खात्यात पाठवले. साहेबाचा जर्मन हेल, बोलण्यातली लय त्यानं ओळखली होती, म्हणूनच तर पाठवले. पुढच्या मागणीचा फोन ऑस्ट्रियातल्या नंबरवरून आला आणि परत येणार म्हणून सांगितलेले पैसे आले नव्हते, तेव्हा त्याला संशय आला. रोज साहेबाशी बोलणाऱ्या त्या माणसाचाही कान फसला. वाचवलं ते नंबरानं आणि हिशेबानं.

म्हणून वहिनींच्या घरी आम्ही जे ठरवलं त्यात आवाज ओळखण्याला जागाच ठेवली नाही. पैशाचं नाव निघालं की फोन ठेवायचा आणि आपल्याकडं आधीपासून जतन असलेल्या नंबरवर आपण लावायचा. आलेल्या नंबरवर उलट लावणं म्हणजे त्याच माणसाला पुन्हा भेटणं. मुलानं उचलला नाही तर खोलीतला मित्र, ऑफिसातला एक माणूस आणि पुण्यातली आत्या, हे तीन नंबर फ्रिजवर कागदावर लिहून लावलेत. फोन ठेवणं हेच सगळ्यात अवघड असतं, कारण खरोखर संकटात असलेल्या मुलाचा फोन आपण कापला, ही भीती आईला सोडत नाही. ती भीती पिंटूनंच काढली. “मी खराच असलो आणि खरंच अडकलेलो असलो तरी तू ठेव. मी दोन मिनिटं थांबेन.” ही परवानगी मुलाकडून यावी लागते, शेजाऱ्यानं सांगून आईचा हात फोनवरून निघत नाही.

फोन ठेवता आलाच नाही, तर खोट्यात पाय टाकणारा प्रश्न विचारायचा. ‘आपल्या कुत्र्याचं नाव काय’ असं विचारू नये. कुत्र्याचा फोटो आणि नाव व्हिडिओत असतं. त्यापेक्षा “काल मावशी पोचली ना रे तुझ्याकडं?” असं विचारावं, जेव्हा कुणीच गेलेलं नसतं. खरा मुलगा “कुठली मावशी?” म्हणेल. तुकडा वाजवणारा उत्तर टाळेल, आणि आवाज बदलून बोलणारा बहुतेक “हो, पोचली” म्हणेल. घरातला खुणेचा शब्दही ठरवलाय, पण माझा त्यावर तेवढा भरवसा नाही. घाबरलेल्या माणसाला तो आठवत नाही, आणि निम्मी घरं तो शब्द कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवतात.

आता पैशांचं. बारा पस्तीसला भाऊ माझ्या दारात आले. आम्ही लगेच १९३० लावला. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. दोनदा लागला नाही, बारा एकोणपन्नासला लागला. तिकडच्या माणसानं बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. हा क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, पण घाईत सापडत नाही. आमची चार मिनिटं त्यातच गेली. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण केली, बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला आणि शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात रेकॉर्डिंगची प्रत दिली. मूळ फाइल फोनमधून काढायची नाही, हे लक्षात ठेवून.

पैसे ज्या खात्यात गेले ते कुठल्याशा ‘ट्रेडर्स’च्या नावाचं होतं. पिन टाकायच्या आधी ते नाव वहिनींच्या पडद्यावर आलं होतं. त्यांनी वाचलंही होतं, विचारलंही. ‘वकील’ म्हणाला, माझ्या कारकुनाचं खातं आहे. ही बहुधा भाड्यानं घेतलेली खाती असतात. कुणीतरी चार पैशांसाठी पासबुक आणि कार्ड देऊन मोकळा झालेला असतो. पैसा तिथं थांबत नाही. आमचे पंचेचाळीस हजार पहिल्या खात्यातून दोन वाटांनी पुढं गेले होते. एक वाट एटीएमपर्यंत पोचली. दुसरीत साडेअठरा हजार अजून खात्यातच होते, ते बँकेनं रोखले. त्या दोन्हींत फरक काही मिनिटांचाच होता. रोखलेले पैसे न्यायालयाच्या आदेशानं परत मिळाले, बरेच महिने गेल्यावर. साडेसव्वीस हजार गेले ते गेले.

बँक भरून देईल अशी भाऊंची समजूत होती. ती रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकावरून झालेली. पण ते परिपत्रक ग्राहकानं न केलेल्या व्यवहारांबद्दल आहे. इथं पिन वहिनींनी स्वतः टाकला होता. फसवून टाकायला लावला असला तरी बँकेच्या लेखी व्यवहार ग्राहकानंच केला, आणि यूपीआयमध्ये गेलेले पैसे परत खेचायचं बटण नाही. गुन्हा म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड कलम आणि भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची व तोतयेगिरीची कलमं लागली. ‘वकील’ अजून सापडलेला नाही.

वहिनी काही आठवडे कुणाशीच बोलत नव्हत्या. नातेवाइकांतल्या एकानं “एवढं कसं कळलं नाही?” असं विचारलं, तेव्हापासून. मी त्या गृहस्थाला फाइल ऐकवली, आधी काही न सांगता. तिसऱ्या तुकड्याला तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “पिंटूला काय झालंय?”

मागच्या महिन्यात पिंटूचा फोन आला, मित्राच्या नंबरवरून. त्याचा स्वतःचा फोन दुरुस्तीला टाकला होता आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी बारा हजार हवे होते. पैशाचं नाव निघताच वहिनींनी विचारलं, “परवा शेंगाचटणी पाठवली ती संपली का रे?”

“कुठली चटणी? तू पाठवलीच नाहीस की.”

त्या हसल्या, तरीही फोन ठेवला, फ्रिजवरचा कागद बघून खोलीतल्या मित्राच्या नंबरवर लावला आणि पिंटूला द्यायला सांगितला. तो आधी वैतागला. मग म्हणाला, बरं, आता चटणी पाठवच.